छिद्र पडलेली चिठ्ठी

चंद्रभान बापूराव ताकसांडे (१९५१–२०२४), जन्म अल्लीपूर, तालुका हिंगणघाट, एस.टी.च्या आर्वी आगारात तेहतीस वर्षे वाहक. निवृत्तीनंतर एका साप्ताहिकाचे सदरलेखक. प्रवासातील आठवणींची दोन छोटी पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. तिसरे त्यांना थोरल्या बहिणीवर, तानाबाईवर लिहायचे होते. त्या तिसऱ्या पुस्तकापायीच त्यांच्या अखेरच्या वर्षांवर सावली पडली.

तानाबाई त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी. ते तिला बाई म्हणत. ती दोन गल्ल्या पलीकडे आपल्या नातीकडे, नंदिनीकडे राहत असे. तिचे हृदय थकत चालले होते आणि डॉक्टरांनी मुदत सांगण्याचे टाळले होते. पुस्तक तिच्या कानांवर पडावे, एवढीच चंद्रभानांची इच्छा होती. परंतु सात पाने लिहून झाल्यावर, बाईच्या वयाच्या बाराव्या वर्षापाशी येऊन, लेखणी थांबली ती अकरा महिने हलली नाही. रोज सकाळी सहा वाजता ते टेबलाशी बसत, समास आखत, तारीख घालत आणि आठ वाजता कोरा कागद फाईलला लावून उठत.

नंदिनी शाळेत मराठी शिकवीत असे. तिने त्यांना मुलांच्या निबंधांच्या विषयांची यादी आणून दिली. चंद्रभानांनी निमूटपणे ‘माझा आवडता ऋतू’ या विषयावर दीड पान लिहिले.

“आबाजी, हे तर माह्या सातवीतल्या पोरीनंबी लिवलं असतं,” नंदिनी हसत म्हणाली. “यादी दुसऱ्याची कायले पाह्यजे? तुमचे प्रश्न तुमीच तयार करा ना.”

हे त्यांना पटले; आणि पटलेली गोष्ट नियमाविना करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. तिकिटांची यंत्रे आल्यावर निकामी झालेली तिकिटांची पत्र्याची पेटी आणि तिकिटाला छिद्र पाडायचा पंच त्यांनी आगाराकडून रीतसर अर्ज करून मिळवले होते. ज्या कप्प्यांत एके काळी निरनिराळ्या दरांच्या तिकिटांच्या गड्ड्या असत, त्यांत आता प्रश्नांच्या चिठ्ठ्या ठेवल्या गेल्या. प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर जगात आपल्यावाचून कोणी देऊ शकणार नाही. त्यात एखादी वस्तू, जागा किंवा वेळ हवी. ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून ज्यातून सुटता येते, तो बाद. ‘बाई कशी होती?’ ही चिठ्ठी त्यांनी स्वतःच फाडली आणि तिच्या जागी लिहिले : ‘बाईच्या पदराच्या गाठीत काय असे?’ पहिल्या कप्प्यात हलके प्रश्न, शेवटच्यात जड. अगदीच कोरड्या दिवशी पहिल्या कप्प्यापासून आरंभ करायचा. चिठ्ठी न पाहता काढायची, घड्याळ लावून वीस मिनिटे खाडाखोड न करता लिहायचे, आणि लिहिण्यात जे राहून गेले त्यातून नवा प्रश्न करून तो पेटीत टाकायचा. उत्तर झाले की चिठ्ठीला पंचाने छिद्र.

पदराच्या गाठीत भाजलेल्या जवसाची चिमूट असे, हे वीस मिनिटांत उतरले. ती स्वतः ते खाताना दिसल्याचे मात्र काही केल्या आठवेना. मग दुसरी चिठ्ठी झाली : ‘कापूसवेचणीच्या दिवसांत बाई केव्हा जेवत असे?’ त्यातून तिसरी, तिसरीतून चौथी. चार महिन्यांत ऐंशी पाने भरली.

शेवटच्या कप्प्यात मात्र एक चिठ्ठी होती : ‘जून १९६१मध्ये बाईची पाटी माझ्या दप्तरात कशी आली?’ ती तीन वेळा हाताला लागली आणि तीनही वेळा त्यांनी ती परत टाकली. चौथ्या वेळी त्यांनी एक अक्षरही न लिहिता तिला छिद्र पाडले. छिद्र पडलेले तिकीट पुन्हा कोणाला द्यायचे नसते. तेहतीस वर्षांत त्यांनी ते कधी दिले नव्हते.

एका दुपारी त्यांनी ती ऐंशी पाने बाईला वाचून दाखविली. ती उशांना टेकून डोळे मिटून ऐकत होती. वाचन संपले तरी तिने डोळे उघडले नाहीत.

“सारं लिवलं रे चंदर तू. जवसबी लिवला. माही शाळा कुठी गेली?”

“तेवढं नीटसं आठवत नाही, बाई.”

“नाई आठवत? अन् येष्टीत फुकट बसणाऱ्याचं तोंड तुले वीस वर्सांनबी आठवे.” ती हसली आणि तिला धाप लागली. पाणी प्यायल्यावर म्हणाली, “लिव. मले आयकाचं हाय.”

“आठ दिवस दे. आठव्या दिवशी वाचतो.”

“आठ दिवस? येष्टीच्या टायमानं चालतं का अजून? बरं. येजो.”

घरी येऊन त्यांनी नवी चिठ्ठी केली, कारण जुनी बाद होती : ‘बाईच्या शिक्षणाचे काय झाले?’ तिच्यात ना वस्तू होती, ना जागा, ना वेळ. स्वतःचा नियम आपण मोडला आहे, हे पाच दिवस कोरे गेल्यावर त्यांच्या ध्यानात आले. सहाव्या दिवशी त्यांनी ती छिद्र पडलेली चिठ्ठी बाहेर काढली, घड्याळ लावले आणि लिहिले.

त्यांची स्वतःची पाटी शाळेच्या पायरीवर फुटली होती. वडील मारतील, या भयाने दहा वर्षांच्या चंद्रभानाने वडिलांना सांगितले की बाई शाळेत जातच नाही, लिंबाखाली बसून राहते; तिला पाटी कशाला? वडिलांनी बाईला काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी पाटी त्याच्या दप्तरात आली आणि बाई शेतात निंदणाला गेली. ती भांडली नाही. पाटीवर तिने आदल्या दिवशी काढलेली अक्षरे होती. ती त्याने थुंकी लावून पुसली.

वीस मिनिटे संपली तेव्हा, सकाळी साडेसहाच्या सुमारास, कागद पुरा झाला होता. दोन गल्ल्या ओलांडणे तेवढे राहिले होते. परंतु अक्षर वाकडे आले होते, आणि शब्द आठव्या दिवसाचा दिला होता. गाडी वेळेआधी सोडणे हा त्यांच्या लेखी दोषच होता. सातव्या दिवशी ते समास आखून स्वच्छ प्रत काढीत बसले. त्याच संध्याकाळी नंदिनीचा फोन आला. ते पोहोचले तेव्हा बाई गेली होती.

“काल दोनदा इचारलं आजीनं,” नंदिनी म्हणाली. “चंदर आला का वाचाले, म्हणे. मी म्हटलं, परवा येतात.”

बाईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धविहारात त्यांनी तो कागद उभ्याने वाचला. लोकांनी माना खाली घातल्या. ‘लहान होतात तुम्ही’ असे म्हणून दोघांतिघांनी त्यांचा हात धरला. त्यांना ते सांत्वन नको होते. ज्या एकीने ते म्हणावे किंवा न म्हणावे, ती ऐकायला नव्हती. त्यानंतर दोन वर्षे ते जगले. टेबलाशी सहा वाजता बसत. समास मात्र आखला जात नसे.

पुस्तक नंदिनीने पूर्ण करून छापून घेतले. पाटीचे पान जसे होते तसे ठेवले. पेटी आणि पंच तिच्याकडे आले. तिच्या वर्गातील मुली आता त्या कप्प्यांत आपापल्या चिठ्ठ्या टाकतात आणि छिद्र पाडण्यापूर्वी उत्तराचा कागद दाखवावा लागतो, एवढा एकच नियम तिने वाढविला आहे. शेवटच्या कप्प्यात चंद्रभानांच्या वळणदार अक्षरातील एक चिठ्ठी तिने तशीच राहू दिली आहे : ‘सहाव्या दिवशी सकाळी साडेसहा वाजता मी चपला का घातल्या नाहीत?’ तिला छिद्र नाही.