आवाज लावलेली शाळा

गुढीपाडवा झाला आणि तांड्याच्या ग्रुपवर एक व्हिडिओ येऊन पडला. कनेरगाव नाक्याकडे निघालेल्या नव्या इंग्लिश शाळेचा. पिवळी बस सूंऽऽ करत पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाला जायची. फाटक उघडलं की ढाम्म, शाळेचं नाव आलं की त्याहून मोठं ढाम्म. मी तो बारकाईनं बघितला. आत एक बस, एक फाटक आणि रंगवलेली भिंत, एवढंच होतं. शिकवणारं माणूस एकही दिसलं नाही, फळ्यावर अक्षर नाही. तरी अख्खा तांडा दिवसभर तो व्हिडिओ एकमेकांना दाखवत होता, आणि ज्यानं त्यांच्याच लेकरांना बाराखडी शिकवली तो मी शाळेच्या ओट्यावर बसून बघत होतो. माझं डोकं तेव्हा जे तापलं ते अजून पुरतं निवलेलं नाही.

आमची जिल्हा परिषदेची शाळा दोन खोल्यांची. मी आणि एक मॅडम. तांड्यावरची बरीच माणसं दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात. काही लेकरं आईबापांबरोबर जातात, काही मागे आजीजवळ राहतात, आणि जी राहतात त्यांच्यावर आमचे वर्ग चालतात. इंग्लिश शाळेचं म्हणणं होतं की पुरेशी लेकरं मिळाली तरच बस तांड्यात येईल. आणि तेवढी लेकरं गेली तर आमच्या शाळेला कुलूप लागल्यात जमा होतं. काय करायचं ते रविवारी संध्याकाळी मंदिरापुढच्या बैठकीत ठरणार होतं.

माझी सगळी मदार एका बाईवर होती. ऊसतोडीच्या टोळीत ती बाकीच्या बायांची पुढारी. ती जे करील ते त्या करतात. तिची पोरगी आमच्याकडे दुसरीत होती. दिवाळीला आई गेली तेव्हा पोरीला जोडाक्षर दिसलं की घाम फुटायचा. आई परत आली तोवर ती धडा वाचायला लागली होती. पण आईला ते ठाऊकच नव्हतं. पोरगी आईसमोर तोंड उघडायची नाही, नुसती लाजायची.

तांड्याच्या नायकानंच मला सुचवलं, "गुरुजी, तुमी बी एखादा व्हिडिओ काढा ना. बैठकीत लावू मोठ्या पडद्यावर."

काढला. सकाळच्या शाळेत मोबाईलवर चार-पाच दृश्यं घेतली. परिपाठ, मैदानातली लंगडी, मॅडमचं गणित, आणि शेवटी ती पोरगी खिडकीपाशी उभी राहून धडा वाचते आहे. दृश्यं एकामागे एक जोडली आणि मॅडमना दाखवली. त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, चांगला आहे. पण मुका वाटतो."

मुका म्हणजे काय, ते मलाही दिसत होतं. दृश्य बदलायचं तेव्हा नुसतं बदलायचं, कुणाचं त्याकडे लक्षच जाऊ नये असं. शाळेचं नाव यायचं आणि पाव्हण्यानं दारात उभं राहावं तसं उभं राहायचं. मग मी मोबाईलवरच्या एडिटिंगच्या अ‍ॅपमधून आवाज शोधले. सूंऽऽ चे कितीतरी प्रकार, ढाम्मचे त्याहून जास्त. जिथं जागा दिसली तिथं सूंऽऽ टाकलं. आणि एकही बराबर बसेना! दृश्य बदलून जायचं आणि आवाज मागून धापा टाकत यायचा. पुढं ओढला की फार आधी, मागं ओढला की उशिरा. माझा अंगठा जाड, मोबाईलवरची पट्टी बोटभर. दोनदा सगळं पुसलं, एकदा मोबाईल गादीवर आपटला. बायको म्हणाली, "त्यापेक्षा माझ्या भावाकडे न्या की."

तिच्या भावाचा हिंगोलीत लग्नाच्या व्हिडिओंचा स्टुडिओ आहे. मेहुण्यानं माझं काम कॉम्प्युटरवर उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"दाजी, आवाज कटवर सुरू करून राहिले तुमी. तो आधी सुरू व्हायला पायजे. त्याचं पोट कटवर यायला पायजे."

त्यानं दाखवलं. सूंऽऽ हा आवाज हळू सुरू होतो, फुगतो आणि विरतो. जिथं तो सगळ्यात फुगलेला असतो ती जागा नेमकी दृश्य बदलण्याच्या क्षणावर ठेवायची. तेवढं केलं आणि परिपाठावरून लंगडीवर उडी अशी बसली की मीच "वा" म्हणालो. ढाम्मचं उलटं. त्याची सुरुवातच ठोक्याची, म्हणून अक्षरं ज्या क्षणी पडद्यावर टेकतात तिथंच ती सुरुवात ठेवायची. सगळ्यांच्या खाली वातावरणाचा आवाज पसरायचा. मैदान असेल तर मैदानाचा, खोली असेल तर खोलीचा, आणि एकातून दुसरा हळूच विरघळवायचा, म्हणजे जोड कळत नाही.

इथवर मी खूष होतो. घोळ पुढे झाला.

मैदानाचा आवाज मी घेतलाच नव्हता. माझ्या मोबाईलवर नुसता वारा फडफडत होता. मेहुण्यानं त्याच्या साठ्यातून 'शाळेचं मैदान' नावाचा तयार आवाज काढला. लेकरांचा नुसता कल्ला. ऐकूनच शाळा भरल्यासारखी वाटली. मी म्हणालो, टाक. मग पोरीच्या वाचनापाशी आलो.

"हिचा आवाज खराब आलाय. पंखा बी घुमून राहिला मागं," तो म्हणाला. त्यानं तिचा आवाज बारीक केला, वरून मंद घंटी आणि वाऱ्याचा आवाज पसरला, आणि तिनं पान उलटलं तिथं एक सुरेख सूंऽऽ बसवलं. पान उलटलं तर काय, जणू गरुड उडाला. तेही मला आवडलं, हे सांगायला आता राग येतो.

शेवटी त्यानं मोबाईलवर लावून बघितलं, कारण लोक मोबाईलवरच बघतात. मोबाईलच्या टीचभर स्पीकरवर ढाम्मचा खालचा घुमारा येतच नव्हता. त्यानं तो वाढवला. मैदानाचा कल्लाही वाढवला. पडदा आणि डीजेचे स्पीकरचे डबे मंदिरापुढं लागणार आहेत, हे मी त्याला सांगितलं नाही. सांगायचं असतं हे मला कुठं माहीत होतं! आणि लग्नाचं काम करणाऱ्या माणसानं स्वतःहून विचारायला नको का?

रविवारी दिवेलागणीला बैठक बसली. लग्नसराईचे दिवस, त्यामुळे तांड्यावरच्याच एकाचा डीजे हजर होता. माणसासारखे उंच डबे. आधी इंग्लिश शाळेचा व्हिडिओ लागला. बस गेली, माना बसबरोबर फिरल्या. मग आमचा.

शाळेचं नाव पडद्यावर टेकलं आणि असं ढाम्म झालं की मंदिराच्या पत्र्याचे खिळे वाजले. लिंबाखालची एक गाय दावं तोडून पळाली. तिच्यामागं दोन माणसं धावली. एक म्हातारी ओरडली, "फुटलं का काय?" लेकरं पोट धरून हसायला लागली. ते थांबेतो मैदान आलं, आणि डब्यांतून शेकडो पोरांचा कल्ला अंगावर आला. पडद्यावर आमची सात-आठ लेकरं लंगडी घालत होती.

नायक माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा अगदी साधा होता. "गुरुजी, एवढे लेकरं कोणाचे व्हय? आपल्या शाळेत तर न्हाईत."

बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. घाम कानशिलावरून गळ्यात उतरला. तेवढ्यात ती पोरगी पडद्यावर आली. ओठ हलत होते, घंटी किणकिणत होती, वारा वाहत होता, पान उलटताना गरुड उडाला. व्हिडिओ संपला. कुणी टाळी वाजवली नाही.

पुढे बसलेली पोरीची आई उठून उभी राहिली. हसली नव्हती ती एकटीच.

"सर, माझी पोरगी काय वाचून राहिली होती? तिच्या आवाजावर हे वारं काहून सोडलं?"

मला मेहुण्याचा, त्या डब्यांचा, सगळ्यांत जास्त माझा संताप आला. मी तिरीमिरीत उठलो, डीजेची वायर ओढून माझ्या मोबाईलला लावली आणि मूळचं दृश्य सुरू केलं. बिनआवाजाचं. म्हणजे ज्याला आम्ही तसं समजत होतो ते.

पंखा घुमायला लागला. दूर कुठंतरी कोंबडा आरवला. मग त्या मोठ्या डब्यांतून पोरीचा आवाज आला, थोडा घोगरा. खारूताईनं शेंग पुरून ठेवली आणि कुठे पुरली तेच विसरली, अशी गोष्ट. "लक्षात" पाशी ती अडखळली. "ल... क्षा..." थांबली. मागे गेली, वाक्य पहिल्यापासून धरलं आणि एका दमात पार झाली. पान उलटल्याचा आवाज आला, कागदाचाच.

पोरगी आईच्या पाठीमागे तोंड लपवून बसली होती. आई पडद्याकडे बघत नव्हती, डब्याकडे बघत होती. डोळे पुसून म्हणाली, "परत लावा."

मी परत लावलं. मला वाटलं, जिंकलो. खरंच वाटलं. व्हिडिओसाठी घालवलेला सगळा वेळ, ती फजिती, सगळं वसूल झालं असं वाटलं.

दुसऱ्यांदा संपल्यावर ती बायांकडे वळली. "वाचते ना बराबर?" बाया म्हणाल्या, व्हय. मग माझ्याकडे वळून, अगदी मनापासून हात जोडून म्हणाली, "सर, तुमी लई तकलीफ घेतली. मराठी तर पक्की झाली हिची. आता हिला इंग्लिश येऊन जाईल. बसमधी बसू द्या."

बाकीच्या बायांनी माना हलवल्या. नायक जमिनीकडे बघत राहिला. मी डब्याची वायर काढून गुंडाळत बसलो, ती डीजेवाल्याची आहे हेही लक्षात आलं नाही.

जूनपासून बस येते. आमच्या शाळेपुढंच वळते, कारण तांड्यात वळायला दुसरी जागा नाही. वर्ग चालू असताना हॉर्न वाजतो आणि उरलेली लेकरं खिडकीकडे धावतात. शाळेला अजून कुलूप लागलं नाही. पुढच्या वर्षीचं मला विचारू नका.

बैठकीनंतर त्या बाईनं ते वाचनाचं दृश्य मागून घेतलं होतं. दिवाळीनंतर ती टोळीबरोबर गेली, पोरगी आजीजवळ राहिली. एका दुपारी बाईचा फोन आला. मागे बायांचा गलका आणि ट्रॅक्टरची घरघर. म्हणाली, मोबाईल खराब झाला, व्हिडिओ उडाला, परत पाठवा.

मी जरा तुटकच बोललो. "तो कशाला आता? पोरगी इंग्लिश वाचत असेल की."

"वाचते ना. फोनवर वाचून दाखवते," ती म्हणाली. "पण सर, बराबर वाचते का चुकते, मला काय समजते? त्या व्हिडिओतलं समजते."

मी फोन ठेवला आणि तो पाठवून दिला.