दाखल्यावरची तारीख

लातूरच्या डॉक्टरांनी माझ्या मुलीच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि फाइलवरचं वय वाचलं. साडेआठ. हाडांचं वय साडेनऊच्या आसपास होतं.

"फरक एका वर्षाचा," त्या म्हणाल्या. "छातीची वाढ चार महिन्यांपूर्वी दिसली ना? म्हणजे आठनंतर. हे चालतं. सहा महिन्यांनी दाखवा."

मी अण्णांकडे पाहिलं. माझे वडील निवृत्त मुख्याध्यापक, नांदेडहून सोबत आलेले. ते भिंतीवरचा वाढीचा तक्ता वाचत होते.

मुलगी हदगावजवळ गावी, घरीच जन्मली. नोंद राहून गेली होती. शाळेत घालायच्या वेळी अण्णांनी प्रतिज्ञापत्र करून वय एक वर्षाने वाढवलं. नोकरीत असताना त्यांनी अनेकांच्या पोरांसाठी हेच केलं होतं. सही माझीही होती. पत्रकार म्हणून बोगस दाखल्यांच्या बातम्या मी स्वतः छापल्या आहेत.

"मॅडम, ती साडेसात वर्षांची आहे," मी म्हटलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कागदावर तर—"

"कागद चुकीचा आहे."

"म्याच लिहिली तारीख," अण्णा म्हणाले. "वर्ष वाया जाईल म्हणलं पोरीचं."

"सर, तुम्ही वर्ष वाचवलं. मी मात्र सहा महिने घालवणार होते."



डॉक्टरांनी कागदावर मेंदू काढला. तळाशी एक केंद्र असतं, ते ठरावीक अंतराने एक संप्रेरक सोडतं. तान्हेपणानंतर हे ठोके कित्येक वर्षं दबलेले असतात. मग ते वाढतात, आधी झोपेत. त्यांच्या हुकमावर पिट्युटरी ग्रंथी जागी होते आणि अंडाशयांना कामाला लावते. साडेसातलाच हे सुरू झालं असेल तर पाळी फार लवकर येईल, हाडं लवकर जुळतील आणि आज तिसरीच्या वर्गात सगळ्यात उंच असलेली मुलगी पुढे बुटकी राहील. चाचणी दुसऱ्या दिवशी ठरली.

सकाळी सुईतून पहिलं रक्त घेतलं, मग त्याच संप्रेरकासारख्या औषधाचं इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाने पुन्हा रक्त, तासाने पुन्हा. ग्रंथी ठोक्यांना सरावलेली असेल तर तिचं एलएच नावाचं संप्रेरक रक्तात उसळी मारतं, नसेल तर जेमतेम हलतं. अण्णा घड्याळ बघून वेळ सांगत होते, नर्सच्या आधी.

"आजोबा, तुम्ही परीक्षा घेऊन राहिलात का?" मुलीने विचारलं.

"न्हाई गं. देऊन राहिलो."

संध्याकाळी आकडा आला. एलएच मर्यादेच्या बरंच वर गेलं होतं.

डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय लिहून दिला आणि दर अठ्ठावीस दिवसांनी एक इंजेक्शन. ते औषध सतत अंगात राहिलं की ग्रंथी ठोके ऐकेनाशी होते. थांबवलं की पुन्हा ऐकू लागते.

फाइलवरचं साडेआठ खोडून त्यांनी साडेसात केलं आणि फाइल अण्णांसमोर सरकवली. खाडाखोडीजवळ अण्णांनी सही केली, शाळेत करायचे तशी, पूर्ण नावाची.

"म्हणजे मी परत दुसरीत जाणार?" मुलगी रडवेली झाली.