रेघेखालचं शरयूबाईंचं

१९९४ साली आम्ही जर्मनीत होतो आणि आमचा नाथा पहिलीत होता. त्याच्या शाळेच्या डायरीत शिक्षिकेने शेरा लिहिला. डायरी दुसऱ्या दिवशी सही करून परत द्यायची होती. नवऱ्याला कारखान्यापुरतं जर्मन बोलता यायचं, पण ते वळणदार अक्षर आम्हा दोघांनाही लागेना. मी सही ठोकली, पानाचा फोटो काढला आणि तो धुऊन आल्यावर कोपरला भावाला, आनंदाला, पाठवला.

आनंदा फोटो घेऊन डोंबिवलीला शरयू पेंडश्यांकडे गेला. त्या एका औषध कंपनीसाठी जर्मन कागदांचं भाषांतर करायच्या. हा शहाणा म्हणाला, "बाई, कडक असेल तर जरा गोड करून लिहा. ताई घाबरेल."

"गोड हवं असेल तर हलवायाकडे जा!"

बाईंनी भिंग लावून शब्द न् शब्द उतरवला: 'नाथा वर्गात बोलत नाही. कृपया घरी त्याच्याशी जर्मनच बोला.' मग एक रेघ मारली. खाली लिहिलं: 'इथवर शिक्षिकेचे शब्द. पुढचे माझे. तुम्हालाच न येणारी भाषा तुम्ही काय शिकवणार? जर्मन शाळा शिकवेल. घरी आपलीच बोला.'

आनंदाने तो कागद तसाच मला पाठवला. मी नाथाशी आगरीच बोलत राहिले.

दोन वर्षांनी सुट्टीत कोपरला आलो. माझ्या आईला आगरीशिवाय काही येत नाही. परदेशी नातवाशी बोलायचं कसं, म्हणून ती दारातच अवघडून उभी होती. नाथाने तिचा हात धरला.

"जेवलीस का गो आये?"

दुसऱ्या दिवशी आईने स्वतः रांधलेल्या कोलंबीचा डबा घेऊन शरयूबाईंचं दार वाजवलं. त्या शाकाहारी निघाल्या. डबा मात्र त्यांनी ठेवून घेतला.