पॅकेजवरचं पहिलं नाव

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गोधडी पिळणं. हौदावर धुतलेली ओली गोधडी एकट्याच्यानं पिळत नाही. एक टोक मी धरलं, एक तिनं. मी पीळ घालायला लागलो की तिच्या हातून टोक निसटायचं. दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा मातीत पडलं. मी ओरडलो.

"जेवली न्हाईस का सकाळी? धर की नीट!"

"धरतेय वो. बोटं सुजल्यात, मूठच मिटत न्हाई."

"रिपोर्ट काढलाय ना? त्यात कुठं काय निघालं? रक्त कमी हाय, गोळ्या खा."

हे मीच बोललो. दुसऱ्या कुणाच्या तोंडात घालता येत नाही. तिनं टोक पुन्हा धुतलं, मनगटाला गुंडाळून धरलं आणि गोधडी पिळून झाली. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिला श्वास लागला. भावकीतल्या एकाची जीप काढून मंचरच्या दवाखान्यात नेली.

डॉक्टरनं तिचे पाय दाबून बघितले. बोट उचललं तरी खड्डा तसाच. मला विचारलं, "मागं कधी रक्त तपासलं होतं?" मी छाती पुढं काढूनच सांगितलं, तपासलंय, चारच महिने झाले, पॅकेज घेतलंय आम्ही वर्षाचं, साठ तपासण्यांचं. फाईल सोबतच होती. दोघांच्या दोन पिशव्या, वर लॅबचं चकचकीत चित्र. डॉक्टरनं आधी एक चाळली, मग दुसरी. मग परत पहिली.

"किडनीची तपासणी आहे, लघवीची आहे. सगळं चांगलं आहे," तो म्हणाला. "पण ही तुमची आहे. यांच्यात ती केलेलीच नाही."

"कशी न्हाई? एकाच दिशी एकाच माणसानं दोघांचं रक्त नेलंय."

"रक्त नेलं असेल. यांची यादी छोटी आहे."

त्यानं लगेच रक्त काढलं. दुपारी आकडा आला. तो आकडा मला आजही पाठ आहे, पण लिहीत नाही. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. रक्त कमी होतं तेही त्याच्यामुळंच, असं तो म्हणाला. आणि मी तिला चार महिने लोखंडाच्या गोळ्या चारत होतो.

पुण्याला नेलं. दोनदा रक्त धुवायच्या मशीनवर घातलं. अकराव्या दिवशी ती गेली.

आता ते पॅकेज काय होतं ते सांगतो. मोबाईल घरोघरी नुकते यायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. आमच्या वस्तीच्या दूध डेअरीवर नारायणगावच्या एका लॅबचा माणूस टेबल टाकून बसला. लॅबचं नाव मी घेत नाही. दूध घालायला आलेल्या प्रत्येकाच्या हातात कागद. वर्षाचं आरोग्य पॅकेज, घरी येऊन रक्त नेणार, नवऱ्यासोबत बायको घेतली तर बायकोला सवलत. मुदत नोंदणीपासून एक वर्ष, त्यात दोन वेळा तपासणी. घरी येण्याचे नियम त्यानं तोंडानं सांगितले. लॅबपासून बारा किलोमीटरच्या आतच येणार. एका घरात निदान दोन माणसं पाहिजेत, एकट्यासाठी गाडी येत नाही. रात्री आठनंतर पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. सकाळी साडेसहा ते साडेआठ, उशीर झाला तर पुढची तारीख. हे सगळं त्यानं सांगितलं. एकच गोष्ट सांगितली नाही.

तपासणी तिच्यासाठीच करायची होती. मला काय धाड भरली होती? मी पहाटे दोन कळशा पाणी एका दमात आणत होतो. सकाळी उठल्यावर डोळ्याखाली सूज तिला यायची. जोडवी काढून ठेवायची वेळ तिच्यावर आली होती.

फॉर्मवर दोन ओळी होत्या. वर मुख्य सभासद, खाली सोबतचा सभासद. त्या माणसानं पेन माझ्या हातात दिलं. मी वरच्या ओळीत माझं नाव घातलं, खालच्या ओळीत तिचं. मला विचारही पडला नाही. रेशनकार्डावर वर मी, सातबाऱ्यावर मी, लाईटबिलावर मी, देवळाच्या वर्गणीच्या फळ्यावरसुद्धा मीच. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण नाव कुठं लिहायचं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती दुधाची किटली घेऊन माझ्या मागं उभी होती. त्या दिवशी जेवढ्या जणांनी फॉर्म भरले त्या सगळ्यांनी असंच भरलं. बाईचं नाव वर घातलं असतं तर डेअरीवर दोन महिने हसले असते.

रक्त न्यायला मोटारसायकलवर माणूस आला, खांद्याला बर्फाची पेटी. दोघांच्याही दंडाला पट्टा बांधून तीन तीन नळ्या रक्त घेतलं, नळ्यांवर चिठ्ठ्या लावल्या. मग मला एक प्लास्टिकची डबी दिली, लघवीसाठी. तिला दिली नाही.

तो गेल्यावर ती पदर तोंडाला लावून हसली. "तुमाला डबी दिली, मला न्हाई. बाईमाणसाची लाज राखली बाई त्यांनी."

"माझीबी राखायची व्हती की," मी म्हणालो. आम्ही दोघंही हसलो. डबी का दिली नाही हे विचारायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

दहावं, तेरावं झालं. पाहुणे गेले. मुलगी सासरी गेली. पोरगा पुण्याला, तोही कामावर गेला. महिना झाला असेल, तेव्हा फोन वाजला. लॅबची बाई.

"आजोबा, तुमच्या पॅकेजची दुसरी तपासणी बाकी आहे. सहा महिन्यांत मुदत संपते. कधी पाठवू माणूस?"

मी फोन या कानाचा त्या कानाला लावला. तिला वाटलं ऐकू येत नाही, म्हणून मोठ्यानं परत सांगितलं.

"बायको वारली," मी म्हणालो.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "वाईट झालं. पण मग आजोबा, एकट्यासाठी घरी येता येत नाही. तुम्हाला सेंटरला यावं लागेल. उपाशीपोटी या."

येतोच, म्हणालो. जेवून येतो.

नारायणगावच्या स्टँडवर उतरलो ते थेट लॅबमध्ये. थंडगार खोली, खुर्च्यांवर कापसाचे बोळे दाबून बसलेली माणसं. काउंटरवर तीच बाई होती, आवाजावरून ओळखली. दोन्ही पिशव्या मी तिच्यापुढं टाकल्या.

"साठ तपासण्या म्हणालात. माझ्या बायकोच्या कुठं हायेत साठ? मोजून दाखवा."

"आजोबा, बसा ना आधी."

"बसायला न्हाई आलो. मोजा."

तिनं मोजलं. रक्तातल्या पेशींचा एकच तपास, पण त्यातले वीस-बावीस आकडे म्हणजे वीस-बावीस तपासण्या. चरबीचे सात-आठ. साखर एक. माझी यादी पुढं जात होती, लिव्हर, किडनी, थायरॉईड, लघवी. तिची साखरेपाशी संपली.

"माझ्या घरात साठ तपासण्या दोघांच्या मिळून विकल्या काय तुमी? बैलजोडी घेतानाबी दात दोन्हींचे बघत्यात, राव!"

मागं कुणीतरी खाकरलं. तिनं ड्रॉवरमधून मी डेअरीवर भरलेला फॉर्म काढला आणि उलटा केला. पाठीमागं, अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं. सोबतच्या सभासदासाठी प्राथमिक यादी लागू. माझ्या चष्म्याला ते दिसत नव्हतं. तिनं वाचून दाखवलं.

"हे तुमच्या माणसानं डेअरीवर का नाय वाचून दाखवलं? पाणी प्यायचं का नाय हे सांगायला तोंड व्हतं त्याला."

"सांगायला पाहिजे होतं," ती म्हणाली. हे ती वाद न घालता म्हणाली, म्हणून मला आणखी राग आला. भांडायला आलेल्या माणसाला समोरून काहीतरी लागतं.

"मग पुरी यादी बायकांना मिळतच न्हाई म्हणा की!"

"तसं नाही, आजोबा. मुख्य सभासद कुणी व्हायचं हे तुम्हीच ठरवता. बाईंचं नाव वर घातलं असतं तर त्यांची पूर्ण यादी झाली असती आणि तुमची छोटी. दर तोच."

मी खुर्चीवर बसलो. ती पाणी घेऊन आली, ते मी घेतलं नाही.

दर तोच. नुसती वरची ओळ आणि खालची ओळ. मंचरच्या डॉक्टरला मी विचारलं होतं, चार महिने आधी कळतं तर ती वाचली असती का. तो म्हणाला, नक्की सांगता येत नाही, पण हातात वेळ राहिला असता. तो वेळ माझ्या नावाखाली गेला. लॅबनं बारीक अक्षरात लपवलं हे खरं. त्यांना मी माफ करणार नाही. पण पेन माझ्या हातात होतं.

"बदलता येतं का?" मी विचारलं. काय विचारतोय ते मलाच कळत नव्हतं.

"पहिलं रक्त घ्यायच्या आधी येतं. नंतर नाही." मग तिनं इकडंतिकडं बघितलं. "उद्या सकाळी तुमच्या डेअरीवर नवीन नोंदणी आहे. आमचा माणूस येतोय. तोच."

माझं रक्त मी दिलं नाही. ती तपासणी तशीच बुडाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दूध नसताना डेअरीवर गेलो. बायको आजारी पडली तेव्हाच आम्ही म्हैस विकली होती. त्या माणसानं टेबल मांडलं, मी घरून आणलेली बाज त्याच्या शेजारी टाकून बसलो.

"आजोबा, तुमची नोंदणी झालीय ना?"

"झालीय. तू तुझं काम कर."

पहिलाच आला तो आमचा पुतण्या. पेन हातात घेतलं आणि वरच्या ओळीवर टेकवलं. मी त्याचं मनगट धरलं.

"बायकोचं नाव वर लिही."

"का बरं? कारभारीण झाली का ती?" मागची माणसं हसली.

"खाली लिहिलं तर तिची किडनी तपासत न्हाईत. लघवीबी न्हाई. कागद उलटा कर, तळाला बघ. तुझा डोळा चांगला हाय, मोठ्यानं वाच."

त्यानं वाचलं. लॅबचा माणूस म्हणाला की नियम छापलेला आहे, लपवलेला नाही. मी म्हणालो, मग पुढच्या माणसाला तूच वाचून दाखव. तो पावतीपुस्तक चाळायला लागला. पुतण्यानं कागद माझ्या तोंडाकडं बघत परत टेबलावर ठेवला आणि आपल्या बायकोचं नाव वर घातलं. दुसऱ्याला लिहिता येत नव्हतं. त्याच्या बायकोचं नाव मी माझ्या हातानं लिहिलं, चौथीच्या अक्षरात, वरच्या ओळीत.

दुधाची गाडी जाईपर्यंत मी तिथंच होतो. नऊ फॉर्म भरले. सहांवर बाईचं नाव वर होतं. उरलेल्या तिघांशी मी अजून बोलत नाही.