तपासणीचं बटण

आमच्या ऑफिसात मास्तरांना मास्तर म्हणायला सुरुवात मीच केली, आणि ती काही आदराने नव्हती. फायबरची लाइन दुरुस्त करायला गेलेला माणूस ग्राहकाला बसवून शिकवतो, हे माझ्या डोक्यात जायचं. मी तक्रारीच्या टेबलावर. कानाला हेडफोन, समोर घड्याळ. बाकीचे वीस मिनिटांत मोकळे होत, हे दीड तास लावत. विचारलं तर म्हणत, त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय पटत नाही. म्हणून ते स्वतःचा लॅपटॉप कधी काढत नसत. खिशात हातभर लांबीची एक पिवळी केबल असे, ती ग्राहकाच्याच मशीनला लावत.

दोन मुली, बायको शिवणकाम करणारी, स्वतः वयाची पन्नाशी ओलांडलेली. गुडघा दुखत असूनही गच्चीपर्यंत चढायचे. त्यांच्याकडे एक एरिया होता, दवाखाने आणि दुकानांचा, सतरा वर्षं बांधून काढलेला. कुठल्या भिंतीआड कुठली केबल वळते ते त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं.

आमच्याकडे नियम असा. काम झालं की ग्राहकाच्या मोबाइलवर एक कोड येतो. तो त्याने दिला तरच तक्रार बंद. एकाच ग्राहकाने महिन्यात तीनदा तक्रार केली आणि तिसऱ्यांदाही कोड दिला नाही, तर दुरुस्तीला गेलेल्या माणसाचा एरिया काढून घेतात. हा नियम साहेबांनी केला. साहेब स्वतः कधी शिडीवर चढलेले मी पाहिले नाहीत.

स्कॅन सेंटरच्या डॉक्टरबाईंची तिसरी तक्रार आली तेव्हा मी मास्तरांना आधीच सांगितलं, सांभाळून. बाई नाकावर माशी बसू देत नसत. त्यांनी हजार एमबीपीएसचा प्लॅन घेतला होता आणि मिळत होते एकशेवीस. पेशंटचे स्कॅन दुसऱ्या गावातल्या डॉक्टरांकडे वाचायला जायचे, ते गर्दीच्या वेळी रांगेत अडकायचे, आणि पेशंट बाकावर बसून बाईंनाच बोल लावायचे. पहिल्या दोन खेपांना मास्तरांनी लाइन ठीक असल्याचं सांगितलं होतं. बाईंच्या मते ते हात वर करत होते.

त्या दिवशी मास्तरांनी सेंटरमधून मला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. साक्षीला कोणीतरी असावं म्हणून. बाई होत्या, आणि त्यांचे जावईही होते. सेंटरचं सगळं कॉम्प्युटरचं काम हे जावईबापू पाहत. राउटरही त्यांनीच आणून बसवला होता, खोक्यावर ‘गिगाबिट’ असं ठळक छापलेलं बघून.

मास्तरांनी पिवळी केबल काढली, राउटर बाजूला ठेवला आणि बाईंचा लॅपटॉप सरळ आमच्या फायबरच्या डबीला जोडला. नऊशे तीस. मग तोच लॅपटॉप राउटरमागे. एकशेवीस. मग त्यांनी जावईबापूंना राउटरचं सेटिंगचं पान उघडायला लावलं आणि पुन्हा टेस्ट लावली. टेस्ट चालू असेपर्यंत राउटरचा प्रोसेसर शंभर टक्क्यांवर चिकटून बसला होता. पानसुद्धा धड उघडेना.

मग शिकवणी सुरू झाली. खोक्यावरचं गिगाबिट हे केबल लावायच्या भोकाचं माप आहे, म्हणाले, आतल्या प्रोसेसरचं नाही. नुसती वाहतूक पुढे ढकलायला त्यात वेगळी सोय असते, प्रोसेसरला हात लावावा लागत नाही. पण फायरवॉलमधली तपासणी चालू केली की येणाऱ्या-जाणाऱ्या डेटाचं प्रत्येक पाकीट प्रोसेसरला स्वतः उघडून बघावं लागतं. याचा प्रोसेसर लहान, त्याची धाव तेवढीच. त्यांनी तपासणीचं बटण बंद केलं: नऊशे दहा. चालू केलं: एकशेवीस. तीनदा करून दाखवलं. माहितीपत्रकात तळाला बारीक अक्षरांत तेच लिहिलं होतं, तेही वाचून दाखवलं.

मग जावईबापू म्हणाले, “तुमची लाइन नीट असती तर राउटरवर एवढा ताण आलाच नसता.”

इतका मूर्खपणा मी या टेबलावर बसून फार ऐकलेला नाही, आणि मी पुष्कळ ऐकते. पण बाईंना ते पटलं, कारण जावई घरचा आणि मास्तर पगारी.

मी त्याच कॉलवर साहेबांनाही घेतलं. साहेबांनी एका वाक्यात निकाल लावला, बटण बंद ठेव, नऊशे दाखव, कोड घे आणि बाहेर पड. बाईही म्हणाल्या की बंदच ठेवा, मी आत्ता कोड देते. म्हणजे एरिया मास्तरांच्या बोटाखाली होता. एक टिचकी.

मास्तर म्हणाले, “बाई, आत तुमच्या पेशंटची नावं आहेत, आजार आहेत. दाराची कडी काढून मी कोड घेणार नाही. मोठ्या प्रोसेसरचा राउटर आणा.”

त्यांनी बटण पुन्हा चालू केलं. बाईंनी कोड दिला नाही. उलट, उद्धट माणूस पाठवलात, असं मला लिहून घ्यायला लावलं, आणि मी लिहिलं. संध्याकाळी एरिया गेला. मास्तरांना गोडाऊनला बसवलं, परत आलेले राउटर मोजायला. फिरतीचा भत्ता गेला, धाकटीचा क्लास सुटला. मला त्यांचा भयंकर राग आला. एक बटण. सगळे तेच करतात.

आठ दिवसांनी बाईंचा फोन. आवाजात नुसता विजय. जावयाने वरपर्यंत आवाज उठवला तेव्हा कंपनीने मुकाट्याने लाइन सुधारली, आता नऊशे येतात, म्हणजे दोष तुमच्याच माणसाचा होता. मी लाइनची नोंद उघडून पाहिली. आमच्याकडून तिला कोणी बोटही लावलं नव्हतं. पाणी कुठेतरी मुरत होतं.

कुठे, ते दुसऱ्या दिवशी कळलं. सेंटरमध्ये वीज गेली होती, त्यानंतर नेट लागेना, म्हणून जावईबापूंनी फोन केला. मी राउटरचं मॉडेल विचारलं. त्यांनी सांगितलं ते दुसरंच होतं, मोठ्या प्रोसेसरचं. वीज गेल्यावर त्यातली सेटिंग पुसली गेली होती, लॉगिनचा पासवर्ड मी पुन्हा दिला. नेट लागलं. मग मी अगदी गोड आवाजात विचारलं, तपासणी चालू ठेवलीय का?

“हो, चालू. तरी नऊशे. तुमचा तो माणूस बरोबर बोलत होता,” ते म्हणाले. आणि घाईने पुढे, “सासूबाईंना मात्र काही बोलू नका. मी त्यांना लाइनचं सांगितलंय.”

मी म्हटलं, “हा फोन रेकॉर्ड होतो, हे तुम्हाला सुरुवातीलाच ऐकवलं जातं.”

त्यांनी फोन ठेवला. ते रेकॉर्डिंग मी साहेबांना ऐकवलं. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले की एरिया नव्या माणसाला दिलाय, तो आता कशाला हलवायचा. मग मी तेच बाईंना ऐकवलं, नोकरी गेली तर गेली म्हणून. बाई म्हणाल्या, “हे घरचं आहे. तुम्ही यात पडू नका.” तक्रार त्यांनी मागे घेतली नाही.

दुपारी मी गोडाऊनमध्ये गेले. मास्तर स्टुलावर बसून खोक्यांवर मार्करने आकडे लिहीत होते: तपासणी बंद असताना किती, चालू असताना किती. कोणी सांगितलं नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितलं, साहेबांचं, बाईंचं, जावयाचं. ऐकून त्यांनी एकच विचारलं.

“बटण चालू ठेवून किती येतात म्हणाला?”

“नऊशे.”

“मग झालं की काम,” ते म्हणाले, आणि पुढचं खोकं ओढलं.

झालं म्हणे. नोंदीत त्यांच्या नावापुढे अजून ‘काम अपूर्ण, वर्तन उद्धट’ असंच आहे, आणि ते माझ्या हाताने टाइप केलेलं आहे.