आठ वाजून बारा मिनिटांची गाडी

नव्वदच्या आसपास मी पनवेलच्या एका शाळेत सातवीला गणित शिकवायचे. वर्गात मिठागराकडच्या गावातली एक मुलगी होती, हुशार पण गणिताचं नाव काढलं की बिचकणारी. परीक्षेआधी तिचे वडील भेटायला आले. म्हणाले, "बाई, पास झाली तं पुढं शिकंल, नाय तं मिठागरावं येल. मोठ्या दोघांनाबी आमी हाच नियम लावला." मला संताप आला, पण माणूस खोटं बोलत नव्हता. तिचे दोघे थोरले भाऊ मिठागरावरच होते.

वार्षिक परीक्षेत पर्यवेक्षण नेमकं माझ्याकडे आलं. पेपर मात्र दुसऱ्या शाळेत तपासायला जाणार होते. तिचं भूमितीचं पान कोरं होतं, म्हणजे सगळी भिस्त लसाविच्या मोठ्या गणितावर. स्टँडवरून एक बस दर चोवीस मिनिटांनी सुटते, दुसरी दर छत्तीस मिनिटांनी. आठला दोन्ही एकत्र सुटल्या, तर पुन्हा एकत्र कधी?

मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. चोवीसचे मूळ अवयव २×२×२×३, छत्तीसचे २×२×३×३. अगदी बरोबर. मग तिनं दोन्हींत सारखे असलेले तेवढेच उचलले, २×२×३, आणि लिहिलं, बारा मिनिटं. आठ वाजून बारा.

मनात म्हटलं, अगं, हा मसावि झाला. उरलेला एक दोन आणि एक तीनही घ्यायचा, बहात्तर येतात. आणि आठनंतरची पहिली बसच आठ चोवीसला सुटते, मग बारा मिनिटांत कुठल्या सुटतील? पण ही रोज स्टँडवर ताटकळणारी पोर. तिथं कुठली गाडी कधी वेळेवर सुटली होती, म्हणून तिला आठ बाराचं नवल वाटावं?

पर्यवेक्षकाला उत्तराबद्दल काही सांगायची मुभा नव्हती. मुख्याध्यापक दारातच उभे होते. तिनं वर पाहिलं. मी म्हणाले, "वेळ आहे, सगळ्यांनी तपासून बघा." एवढंच बोलता येत होतं. तिनं मन लावून तपासलं, मीच शिकवलं होतं तसं, अवयवांचा गुणाकार करून. चोवीस आले, छत्तीस आले. ती समाधानानं हसली आणि पेपर देऊन गेली.

निकालात ती थोडक्या गुणांनी नापास झाली. वडील शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले तेव्हा ती दाराशी उभी होती.

"बाई, त्या गाड्यांचा उत्तर काय व्हता?"

"नऊ वाजून बारा."

ती बोटांवर पुटपुटू लागली. आठ चोवीस, आठ अठ्ठेचाळीस, नऊ बारा. मग दुसरी. आठ छत्तीस, नऊ बारा.

"व्हय," ती म्हणाली, "बरोबर येतंय."

वडिलांनी दाखल्याची घडी घालून खिशात ठेवली आणि तिला म्हणाले, "चल."