आबांचा हात आणि कामगार कायद्याचा पेपर

आमचे आबा पारोळ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. काम उरकावं म्हणून मालकाने मशीनवरची संरक्षक जाळी काढून ठेवायला लावली, आणि त्यात आबांच्या उजव्या हाताची बोटं गेली. मुनीम म्हणाला, "तूच हात घातला." आबांनी ऐकून घेतलं. दावा करायचा असतो हे आमच्या घरात कोणाला ठाऊकच नव्हतं. पुढे आई सरकी निवडायला जाऊ लागली आणि मी घरातला पहिला पदवीधर होऊन जळगावला वकिली शिकायला लागलो.

कामगार कायद्यात मी एकदा नापास झालो होतो. पुन्हा नापास झालो असतो, तर शिक्षण सोडून त्याच जिनिंगमध्ये जावं लागणार होतं.

कॉलेजच्या सराव परीक्षेत प्रश्न आला: मुकादमाने स्पष्ट बजावलेलं असताना कामगाराने जाळी मुद्दाम काढली, त्याची तीन बोटं गेली. मालक भरपाई देणं लागतो का? मी रागाने पानंच्या पानं लिहिली. मालक देणं लागतो, असं ठणकावून सांगितलं.

सरांनी पेपर पुढ्यात घेऊन मला बसवलं. उत्तर सलग परिच्छेदांत होतं. ते पेन्सिलीने समासात खुणा करत गेले. "मुद्दा इथे, तिसऱ्या ओळीत. उशिरा आला, पण आला. मार्क दिले. नियम पूर्ण. काम करताना अपघात झाला तर मालक जबाबदार. जीव गेला नसेल, कायमचं पूर्ण अपंगत्व आलं नसेल आणि कामगाराने जाणूनबुजून जाळी काढली असेल तर नाही. छान लिहिलंस. आता नियम लावायचा." पेन्सिल थांबली. "जाळी मालकाने काढायला लावली, हे कुठून आणलंस?"

"तसंच होतं सर."

"कुठे होतं? प्रश्नात वाचून दाखव."

मी वाचलं. नव्हतं.

"मग या भागाला शून्य. निष्कर्षही त्यावरच उभा, तोही गेला."

"म्हणजे कामगाराला काहीच नाही?"

"या कामगाराला नाही." सरांनी पेन्सिल खाली ठेवली. "घरचं कोणी आहे का रे?"

"वडील."

"त्यांची केस वेगळी होती. ते जिंकले असते."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दाव्याची मुदत केव्हाच उलटली होती.

पेपरात आबांच्याच हाताची हकिकत लिहून बसलो हे सुट्टीत घरी सांगितलं, तर आबा बोटं गेलेला हात मांडीवर ठेवून म्हणाले, "मना हात कसाले लई गया तठे? माले इचारं का?"

आई म्हणाली, "पोरगं तुमनासाठीच लढनं ना!"

"लढनं अन् पडनं," आबा म्हणाले आणि उठून गेले.

विद्यापीठाच्या परीक्षेत पुन्हा तसाच अपघात आला. या वेळी प्रश्नातल्या माणसाचंच लिहिलं. नियमाचा एकेक शब्द त्याच्या हकिकतीला लावून पाहिला, आणि शेवटी त्याच्या विरुद्ध निष्कर्ष लिहिला. 

मी पास झालो. सनद मिळाली. धुळ्याच्या कोर्टात कामगारांचे दावे मी मुदतीत दाखल करू लागलो.